रिपोर्टमध्ये रक्तप्रवाह दिसतो, तरीही

“उजव्या ओव्हरीत गाठ आहे, रक्तप्रवाह दिसतो.” सोनोग्राफीच्या रिपोर्टमधलं असं वाक्य वाचलं की घरच्यांच्या जिवात जीव येतो. रक्त पोचतंय म्हणजे धोका नाही, आजची रात्र इथेच काढू, सकाळी नाशिकला जाऊ, असा हिशेब मांडला जातो. हिशेब चुकीच्या माणसांचा नसतो, पण तो ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूत चुकीची आहे. ओटीपोटात एका बाजूला अचानक कळ उठली असेल, सोबत उलट्या असतील आणि त्या बाजूची ओव्हरी मोठी दिसत असेल, तर रक्तप्रवाह दिसतो म्हणून ओव्हरीला पीळ बसलेला नाही असं म्हणता येत नाही. त्या वाक्याच्या भरवशावर घालवलेल्या रात्रीत ओव्हरी जाऊ शकते. हे असं का होतं, हे त्या भागाची रचना पाहिली की समजतं.

ओव्हरी, म्हणजे अंडाशय, पोटात कुठे घट्ट चिकटवलेली नसते. ती दोन बाजूंनी टांगलेली असते. आतल्या बाजूने एक आखूड बंध तिला गर्भाशयाशी जोडतो आणि बाहेरच्या बाजूने दुसरा बंध कुशीच्या भिंतीकडे जातो. या दुसऱ्या बंधातूनच ओव्हरीच्या मुख्य रक्तवाहिन्या येतात. गर्भावस्थेत ओव्हरी मूत्रपिंडाजवळ तयार होते आणि तिथून खाली उतरते, म्हणून तिची धमनी आजही थेट पोटातल्या महाधमनीतून, मूत्रपिंडाच्या धमनीच्या किंचित खालून निघते आणि लांबचा प्रवास करून ओटीपोटात पोचते. दुसरा पुरवठा गर्भाशयाच्या धमनीच्या फांदीतून होतो. असा दोन टोकांना बांधलेला, मध्ये मोकळा असलेला अवयव झोक्यासारखा हलू शकतो. एरवी बदामाएवढी असलेली ओव्हरी हलली तरी काही बिघडत नाही. तिच्यात पाच-सहा सेंटिमीटरची गाठ झाली की मात्र तिला वजन येतं, आणि कधी कूस बदलताना, कधी वाकताना, कधी काहीच न करताना ती स्वतःभोवती फिरते. बऱ्याचदा शेजारची गर्भनलिकाही सोबत पिळली जाते. म्हणून डॉक्टर नुसतं ओव्हरीचं टॉर्शन न म्हणता ‘ॲडनेक्सल टॉर्शन’ म्हणतात. ॲडनेक्सा म्हणजे गर्भाशयाच्या बगलेतली ओव्हरी आणि नळी मिळून जे होतं ते. पीळ डाव्यापेक्षा उजव्या बाजूला जास्त वेळा बसतो, कारण डावीकडे मोठ्या आतड्याचं वळण जागा अडवून बसलेलं असतं.

पीळ बसल्यावर काय होतं हे मोटरीवरून शेतात पाणी नेणाऱ्याला सांगावं लागणार नाही. पाणी नसताना सपाट होणारी पातळ नळी आणि जाड भिंतीची रबरी नळी एकत्र धरून पिळल्या, तर पातळ नळी आधी बंद होते. ओव्हरीतून रक्त परत नेणाऱ्या शिरांची भिंत पातळ असते, तिच्यात दाबही कमी असतो. रक्त आणणारी धमनी जाड, स्नायूंची, जोराने वाहणारी. पहिल्या-दुसऱ्या पिळात शिरा दबतात आणि धमनी चालू राहते. रक्त आत येतं पण बाहेर जात नाही. ओव्हरी फुगते, तिच्यात पाणी भरतं, मग रक्त साचतं, ती जांभळी-काळी पडते. पुरती फुगली की आतला दाबच धमनीला दाबू लागतो, आणि तिथून पुढे पेशी मरायला सुरुवात होते. यातली बरीचशी वाट चालून होईपर्यंत धमनीतला प्रवाह सोनोग्राफीवर दिसत राहू शकतो. शिवाय पुरवठा दोन बाजूंनी आहे, त्यामुळे एका बाजूचा प्रवाह अडला तरी दुसऱ्या बाजूचा पडद्यावर रंग दाखवतो. काहींमध्ये तर पीळ सैल होतो आणि पुन्हा बसतो. नेमक्या सैल वेळी तपासणी झाली तर सगळं ठीकच दिसणार.

आता या रिपोर्टकडे परत येऊ. डॉपलर म्हणजे सोनोग्राफीचं प्रवाह दाखवणारं अंग. प्रवाह अजिबात नसेल तर पीळ असण्याची शक्यता फार मोठी असते, आणि तेवढ्यापुरतं डॉपलरवर विसंबता येतं. उलट्या दिशेने मात्र ते साथ देत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ऑपरेशनमध्ये पीळ सिद्ध झालेल्या स्त्रियांपैकी ६० टक्के जणींचं डॉपलर आधी सामान्य आलं होतं. अभ्यास लहान होता, त्यामुळे साठ या आकड्याला चिकटून बसण्यात अर्थ नाही. पण शिरा आधी आणि धमनी नंतर हा क्रम लक्षात घेतला तर निष्कर्षाचं आश्चर्य वाटत नाही. थोडक्यात, डॉपलर पीळ आहे असं सांगू शकतं, नाही असं सांगायचा त्याला अधिकार नाही.

मग सोनोग्राफीचा उपयोग काय? खूप आहे, फक्त नजर रंगावरून काढून आकारावर आणि जागेवर ठेवायला हवी. यासाठी एक कल्पित पण नेहमीच्या वळणाचं उदाहरण घेऊ. चांदवडच्या परिसरातली १९ वर्षांची, लग्न न झालेली मुलगी. पहाटे पाचला उजव्या बाजूला खाली इतकी जोराची कळ उठली की ती जागी झाली. दोनदा उलटी झाली. नऊच्या सुमारास दुखणं उतरलं, तेव्हा पित्त झालं असेल म्हणून गोळी घेतली. अकराला पुन्हा कळ. गावातल्या डॉक्टरांनी अपेंडिक्सची शंका घेऊन इंजेक्शन दिलं आणि सोनोग्राफी सांगितली. ताप नाही, रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी जेमतेम वाढलेल्या, पोट दाबल्यावर दुखतं पण लाकडासारखं कडक नाही. लघवीतली गर्भधारणेची चाचणी नकारात्मक. ही चाचणी लग्न झालं असो वा नसो, कोणीही चिडायचं कारण न शोधता करायची असते, कारण नळीतला गर्भ हे अशाच कळेचं दुसरं कारण असतं आणि त्याने जीव जाऊ शकतो.

दुपारी एकला सोनोग्राफी झाली. उजवी ओव्हरी ७ बाय ६ बाय ५ सेंटिमीटर, तिच्यात साडेचार सेंटिमीटरची डर्मॉइड गाठ. डावी ओव्हरी ३ बाय २ बाय २. डर्मॉइड म्हणजे ओव्हरीतल्या बीजपेशीपासून बनलेली, आत चरबी, केस, कधी दातही असलेली साधी गाठ. तरुण मुलींमध्ये ती नेहमी आढळते आणि पीळ बसवणाऱ्या गाठींमध्ये तिचा नंबर वरचा आहे. रिपोर्टच्या तळाशी लिहिलंय, “डर्मॉइड सिस्ट, रक्तप्रवाह दिसतो.” सगळी घरं इथेच फसतात, कारण दुखण्याचं कारण सापडल्यासारखं वाटतं. गाठ आहे ना, तीच दुखत असणार. पण डर्मॉइड एका रात्रीत उगवत नाही. ती महिनोन्‌महिने तिथे होती आणि दुखत नव्हती. आज पहाटे पाचला काय बदललं, हा प्रश्न विचारायला हवा, आणि रिपोर्टमधल्याच आकड्यांत त्याचं उत्तर आहे.

ओव्हरीचं आकारमान काढायला तिन्ही मापं एकमेकांना गुणून साधारण निम्म्याने, नेमकं सांगायचं तर ०.५२३ ने, गुणतात. उजवी ओव्हरी या हिशेबाने ११० मिलिलिटर होते, डावी ६ च्या थोडी वर. हा फरक गाठीमुळेच आहे असं वाटेल. म्हणून गाठ वजा करून पाहू. साडेचार सेंटिमीटरचा गोल जवळजवळ ४८ मिलिलिटरचा. एकशे दहातून अठ्ठेचाळीस गेले, उरले बासष्ट. म्हणजे गाठ काढून टाकली तरी उजवीकडचं ओव्हरीचं मांस डाव्या ओव्हरीच्या दहापट आहे. हे मांस वाढलेलं नाही, सुजलेलं आहे, आणि ते सुजायचं सर्वांत साधं कारण म्हणजे रक्ताची परतीची वाट बंद. सोनोग्राफी करणाऱ्याने बारकाईने पाहिलं तर याची साक्ष देणाऱ्या आणखी काही खुणा दिसतात. ओव्हरीच्या मध्यभागी पाणी भरल्यासारखा धूसर पांढुरका भाग आणि त्याने ढकलल्यामुळे कडेला मण्यांच्या माळेसारखी ओळीने लागलेली बीजांची छोटी पुटकं. ओव्हरी आपली जागा सोडून मधोमध, गर्भाशयाच्या वर किंवा अगदी दुसऱ्या बाजूला सरकलेली. खाली थोडं पाणी साचलेलं. आणि सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे पीळच प्रत्यक्ष दिसणं. ओव्हरी आणि गर्भाशय यांच्या मधल्या देठावर यंत्र हळूहळू पुढे-मागे फिरवलं तर नदीतल्या भोवऱ्यासारखी गोल फिरणारी रेघ दिसते. १९९८ सालच्या एका अभ्यासात पीळ बसलेल्या ३२ जणींपैकी २८ जणींमध्ये पिळलेला देठ असा पडद्यावर सापडला होता. तो शोधायचा या हेतूने शोधला तर सापडतो. फक्त ओव्हरी पाहून, मापं घेऊन, रंग दाबून यंत्र बाजूला ठेवलं तर तो दिसत नाही.

अडचणी आहेत, त्या नाकारून चालणार नाही. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी आपल्याकडे पोटावरूनच होते. आतून केलेल्या सोनोग्राफीत ओव्हरी जवळून दिसते, पोटावरून ती दूर, आतड्यातल्या हवेआड असते. पोटावरून नीट दिसायला लघवीची पिशवी भरलेली लागते, आणि उलट्या करणाऱ्या मुलीला तासभर पाणी पाजत बसणं अवघडच, शिवाय ऑपरेशनची शक्यता असेल तर तिचं पोट रिकामं ठेवायचं असतं. सलाइन लावून पिशवी भरू द्यावी, हा त्यातला मधला मार्ग. रात्रीची सोनोग्राफी ही तालुक्याची जुनी अडचण. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी आपल्याकडे सोनोग्राफीचं यंत्रही नोंदलेलं लागतं आणि ते चालवणारा डॉक्टरही. कायद्याचं कारण रास्त आहे, पण त्यामुळे यंत्र सहजासहजी कोणाच्याही हाती येत नाही हेही खरं. म्हणून रात्री सोनोग्राफी मिळत नसेल तेव्हा प्रश्न ‘सकाळी सोनोग्राफी कधी’ असा नसावा, ‘सोनोग्राफी आणि ऑपरेशन दोन्ही आत्ता कुठे मिळेल’ असा असावा. सीटी स्कॅन आधीच झाला असेल आणि त्यात मोठी झालेली ओव्हरी दिसत असेल, तर केवळ डॉपलरसाठी आणखी एक तपासणी करण्यात वेळ घालवू नये. आणि दुखण्याचं इंजेक्शन द्यायला हरकत नसते. दुखणं दाबलं तर निदान चुकेल ही जुनी धास्ती आहे. निदान चुकतं ते दुखणं कमी झालं म्हणून पीळही गेला असं मानल्याने. पीळ सैल होऊन दुखणं थांबू शकतं, इंजेक्शनने थांबू शकतं, आणि मांस मरायला लागलं की तेव्हाही थांबू शकतं. बाहेरून या तिन्हींत फरक दिसत नाही.

डॉक्टरांनाही हे निदान सहज सुचत नाही. २००१ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयाने पंधरा वर्षांत पीळ सिद्ध झालेल्या ८७ जणींच्या नोंदी तपासल्या. सत्तर टक्के जणींना मळमळ किंवा उलट्या झाल्या होत्या, पण दाखल करताना संभाव्य कारणांच्या यादीत पीळ लिहिलेला निम्म्याहून कमी जणींच्या कागदावर होता. पोट कडक होणं आणि ताप ही ज्या लक्षणांची आपण वाट पाहतो ती अगदी मोजक्यांमध्ये होती. कारण सोपं आहे. ही कळ मुतखड्यासारखी कुशीत जाऊ शकते, अपेंडिक्ससारखी उजवीकडे असते, पाळीच्या मधल्या दुखण्यासारखी येते-जाते. पण अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीपाशी सुरू होऊन तासांनी उजवीकडे उतरतं आणि हळूहळू वाढतं. पिळाची कळ पहिल्याच मिनिटापासून एका बाजूला आणि शिगेला असते. या फरकाने निदान होत नाही, पण शंका यायला तो पुरतो.

आणि वेळ महत्त्वाची का, हे सांगायला मुलांमधलं उदाहरण उपयोगी पडतं. मुलाच्या वृषणाला असाच पीळ बसतो. ओव्हरी आणि वृषण एकाच मुळापासून बनतात, दोघांचा पुरवठाही तसाच वरून लांबून येतो. मुलाची अंडगोळी सुजली, दुखली की सहा तासांच्या आत ऑपरेशन, अशी घाई डॉक्टर करतात आणि घरचेही करतात. तिथे सूज डोळ्यांना दिसते. मुलीचा तोच अवयव पोटात झाकलेला असतो, त्यामुळे तीच घटना ‘पोटदुखी’ ठरते आणि तिला पित्ताची गोळी मिळते. मात्र दोघांत एक फरक आहे. ओव्हरीला दोन्ही बाजूंनी रक्त मिळतं, त्यामुळे ती तग जास्त धरते. उंदरांवर केलेल्या प्रयोगात चोवीस तास पिळलेल्या ओव्हरीही सोडवल्यावर सावरल्या, छत्तीस तासांच्या मात्र सावरल्या नाहीत. उंदराचे तास माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. किती पीळ, किती घट्ट, मधूनमधून सैल झाला का, यावर सारं ठरतं, आणि त्यातलं काहीच बाहेरून मोजता येत नाही. कोणी अमुक तासांची हमी देत असेल तर तिच्यावर विसंबू नये. हातात असलेली गोष्ट एकच, पुढचे तास वाया घालवायचे की नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की शंकेपोटी किती मुलींची पोटं उघडायची? आक्षेप खरा आहे. पिळाच्या शंकेने केलेल्या ऑपरेशनांमध्ये काही ठिकाणी जेमतेम निम्म्यांमध्येच पीळ सापडतो, बाकीच्यांत रक्त भरलेली गाठ, फुटलेली गाठ किंवा अपेंडिक्स निघतं. पण यातल्या बऱ्याच कारणांना दुर्बिणीतून पाहणं उपयोगीच पडतं. आणि पारड्यात काय काय आहे ते पाहावं. एका बाजूला भूल, पाच ते दहा मिलिमीटरची दोन-तीन छिद्रं, एक-दोन दिवसांचा मुक्काम आणि ऑपरेशनचा थोडा पण खरा धोका. दुसऱ्या बाजूला एक ओव्हरी, जी पुन्हा येत नाही. पीळ नक्की आहे की नाही हे फक्त आत पाहिल्यावरच कळतं, म्हणून शंका पक्की असेल तिथे दुर्बीण हीच तपासणी आहे. अर्थात प्रत्येक दुखणाऱ्या ओटीपोटाला हे लागू नाही. दोन्ही ओव्हरी एका मापाच्या, आपापल्या जागी, गाठ नाही, कळ हळूहळू आलेली, असं असेल तर थांबून पाहणं शहाणपणाचं. अगदी लहान मुलींच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. त्यांचे बंध लांब आणि सैल असतात, त्यामुळे गाठ नसतानाही चांगल्या ओव्हरीला पीळ बसतो.

दुसरा आक्षेप ऑपरेशन टेबलावरचा आहे आणि तो जास्त जुना आहे. ओव्हरी काळी दिसते, मेलीय, काढून टाका. पीळ सोडवला तर शिरेत साचलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाईल, ही भीती सर्जनांच्या पिढ्यांनी शिकवली. १९९९ सालच्या एका आढाव्यात तोवर छापलेली शेकडो प्रकरणं एकत्र पाहिली गेली. फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाण ०.२ टक्के निघालं आणि पीळ सोडवल्याने ते वाढलेलं दिसलं नाही. काळ्या रंगाबद्दल म्हणायचं तर काळा रंग आत अडकलेल्या रक्ताचा असतो, मेलेल्या मांसाचाच असतो असं नाही. बोटाला दोरा घट्ट गुंडाळला तर तेही जांभळं पडतं. २००३ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी पीळ सोडवून ओव्हरी ठेवलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांचा अनुभव मांडला. टेबलावर निळ्या-काळ्या दिसलेल्या ओव्हरींपैकी पुढे तपासलेल्या बहुसंख्य, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास, पुन्हा नेहमीच्या मापाच्या झाल्या आणि त्यांत बीजं वाढताना दिसली. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली किशोरवयीन मुलींसाठी स्पष्ट लिहिलं की ओव्हरी काढू नका, हाताळताना ती तुटून पडत असेल तरच तो अपवाद. सोडवल्यावर दहा मिनिटं थांबलं आणि रंग परतला नाही तरी ती मेली असं ठरत नाही. पाळी बंद झालेल्या स्त्रीची गोष्ट वेगळी, तिथे कर्करोगाची शक्यता जास्त असल्याने ओव्हरी काढणंच बहुधा योग्य ठरतं.

इथे ‘दुसरी आहे ना’ हे उत्तर ऐकू येतं. एका ओव्हरीवर पाळीही चालते, मूलही होतं, हे खरं. पण ज्या मुलीच्या एका ओव्हरीत डर्मॉइड झाली, तिच्या दुसऱ्यातही ती होऊ शकते. ज्या शरीराने एकदा पीळ पाहिला, त्याला दुसऱ्या बाजूला तो बसणारच नाही याची हमी नाही. वीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत पुढची तीस वर्षं एकाच ओव्हरीवर सोपवायची, तीही पंधरा मिनिटांत सोडवता येणाऱ्या पिळासाठी, याला हिशेब म्हणत नाहीत.

चांदवडच्या मुलीकडे परत येऊ. दुपारी दीड वाजलाय. महामार्गावरून नाशिक साठ-पासष्ट किलोमीटर, मालेगाव राहूड घाटाच्या पलीकडे चाळीसच्या आसपास. कुठे जायचं हे अंतरावर ठरत नाही. फोन करून तीन गोष्टी विचारायच्या असतात: स्त्रीरोगतज्ज्ञ आत्ता आहेत का, भूल देणारे डॉक्टर आत्ता येतील का, ऑपरेशन थिएटर मोकळं आहे का. तालुक्याच्या ठिकाणी अडतं ते बहुधा भूलतज्ज्ञापाशी. दुर्बीण नाही एवढ्या कारणासाठी रुग्ण पुढे पाठवण्याची गरज नसते. पोटाच्या खालच्या बाजूला आडवा छोटा छेद घेऊनही पीळ तसाच सुटतो, फक्त बरं व्हायला दिवस जास्त लागतात. भूलतज्ज्ञ आहे पण दुर्बीण नाही अशा जवळच्या ठिकाणी आज संध्याकाळी छेद घेऊन झालेलं ऑपरेशन, दूरच्या मोठ्या रुग्णालयात उद्या सकाळी दुर्बिणीतून होणाऱ्या ऑपरेशनपेक्षा या मुलीच्या कामाचं. पाठवायचंच असेल तर चिठ्ठीत ‘पोटदुखी, डर्मॉइड’ एवढंच न लिहिता ‘ओव्हरी टॉर्शनची शंका, कळ पहाटे ५ वाजता सुरू, शेवटचं खाणं अमुक वाजता’ असं लिहावं. पहिल्या चिठ्ठीवर मुलगी ओपीडीच्या रांगेत बसते, दुसरीवर थेट थिएटरकडे जाते.

टेबलावर दुर्बीण आत गेली की आधी पीळ मोजतात. दीड, दोन, कधी तीन फेरे. बोथट चिमट्याने ओव्हरी धरून उलट दिशेने फिरवतात, नखं लावून ओढत नाहीत, कारण सुजलेलं मांस ओल्या कापसासारखं फाटतं. मग गाठीचं काय करायचं हा खरा निर्णय असतो. ताजी सूज असताना गाठ सोलायला गेलं तर गाठीसोबत चांगली ओव्हरीही सोलली जाते आणि रक्त थांबवायला जाळावं लागतं. म्हणून बरेच सर्जन आज फक्त पीळ सोडवतात आणि गाठ काही आठवड्यांनी, सूज उतरल्यावर काढतात. मधल्या काळात पुन्हा पीळ बसण्याचा धोका राहतो, तो घरच्यांना सांगावा लागतो. पाण्याची साधी गाठ असेल तर टोचून रिकामी करता येते, डर्मॉइड मात्र घाईने टोचत नाहीत, कारण आतलं तेलकट द्रव्य पोटात सांडलं तर सगळ्या पोटाला दाह होऊ शकतो.

हे सारं मुलीला भूल देण्याआधी तिच्याशी बोलून ठरायला हवं. ती १९ वर्षांची आहे, सही तिची लागते, वडिलांची किंवा होणाऱ्या सासरची नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर अशाच प्रकारचं एक प्रकरण होतं. दुर्बिणीतून फक्त तपासणी करायला संमती दिलेल्या अविवाहित स्त्रीचं, ती भुलीत असताना, आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि ओव्हरी काढले गेले होते. न्यायालयाने म्हटलं, जिवावर बेतलेलं नसताना प्रौढ स्त्रीच्या वतीने आईची संमती चालत नाही. पिळाच्या ऑपरेशनला हे जसंच्या तसं लागू पडतं. संमतीपत्रावर ‘ओव्हरी सोडवणे, शक्य तितकी राखणे, तुटून पडत असेल तरच काढणे’ असं स्वच्छ लिहून घेतलं की टेबलावर काळा रंग पाहून कोणी बाहेर बसलेल्या काकांना ‘काढू का’ असं विचारायला येत नाही.

ऑपरेशननंतर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करतात. यावेळीही नजर रंगावर नसते. दोन्ही ओव्हरींची मापं घेतात, गाठ वजा करतात, आणि उजव्या बाजूला बीजांची किती पुटकं दिसतात ती मोजतात. पहाटे पाचला कळ सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत पीळ सोडवला, तर त्या ओव्हरीत ती बहुधा दिसतात.